नातू ‘हे ब्रो, व्हॉट्स अप?’ म्हणाला, तर आजोबांनी काय म्हणावे?

प्रश्न : माझे वय ६६ आहे. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. माझा दहावीतला नातू आणि त्याचे मित्र दारातून आत येतानाच मला ‘हे ब्रो’, ‘व्हॉट्स अप’ असे म्हणतात. मी कधी गप्प राहतो, कधी खरेच काय चालले आहे ते सांगू लागतो आणि मग सगळेच अवघडून जातात. याला नेमके काय उत्तर द्यावे? मीही उलट ‘ब्रो’ म्हणावे काय? आणि हा अनादर समजावा काय?

उत्तर :

‘व्हॉट्स अप’ला आपल्या रोजच्या मराठीत, दोन-तीन शब्दांत, लगेच उत्तर द्यावे आणि त्याच दमात त्यालाही विचारावे. “आराम. तुझं काय?” एवढे पुरते. उलट ‘ब्रो’ म्हणण्याची गरज नाही, आणि नातवाच्या मित्रांना तर तसे म्हणूच नये. अनादराचा निर्णय मात्र ‘ब्रो’ या शब्दावरून करू नये. त्या शब्दामागोमाग जे मराठी क्रियापद येते, त्यावरून तो करावा. मी आपल्या भागात वर्षानुवर्षे भाषा आणि संभाषण शिकवत आलो आहे. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणारे आजी-आजोबा मला निपाणीतही भेटतात आणि खानापुरातही. त्यामुळे वरच्या तिन्ही गोष्टींची कारणे जरा सविस्तर मांडतो.

तुमचा घोटाळा होतो तो ‘व्हॉट्स अप’ला प्रश्न समजल्यामुळे. त्याची रचना प्रश्नाची असली तरी त्याचे काम माहिती मागण्याचे नाही. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याचा वेगळा विचार मांडला. माणसे एकमेकांना काही कळवण्यासाठीच बोलतात असे नाही. आपल्यातले नाते जागे आहे, एवढे दाखवण्यासाठीही बोलतात, असे त्यांचे म्हणणे होते. तुम्ही हे आयुष्यभर करत आला आहात. गणपत गल्लीत ओळखीचा माणूस भेटला आणि त्याने “जेवण झालं काय?” असे विचारले, तर तुम्ही त्याला भाकरीबरोबर कोणती भाजी होती ते सांगत नाही. “झालं, तुमचं?” म्हणता आणि दोघेही आपापल्या वाटेने जाता. शेजारचे कन्नड गृहस्थ “ऊट आतेन्री?” म्हणतात, तेव्हाही तसेच घडते. जेवण झालेले नसले तरी पुष्कळदा आपण ‘झालं’च म्हणतो आणि त्याला कोणी खोटेपणा मानत नाही. नातवाचे ‘व्हॉट्स अप’ हे नेमके याच जातीचे बोलणे आहे. त्याचा नियम तुम्हाला नव्याने शिकायचा नाही, फक्त हातचा नियम या नव्या शब्दाला लावायचा आहे.

मग गुडघेदुखी किंवा नळाला पाणी न आल्याची गोष्ट सांगायचीच नाही काय? सांगावी, पण पहिल्या उत्तरात सांगू नये. संभाषणाचा अभ्यास करणारे हार्वी सॅक्स यांनी याविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. ‘कसे आहात?’ याला ‘बरे नाही’ असे उत्तर दिले, की विचारणाऱ्याला ‘का, काय झाले?’ असे विचारणे भाग पडते आणि पुढचे सगळे ऐकूनही घ्यावे लागते. म्हणून खरे उत्तर कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, याची निवड माणसे न कळत करत असतात. दारात उभ्या असलेल्या, पाठीवरचे दप्तरही न उतरवलेल्या मुलाला तुम्ही खरे उत्तर देता, तेव्हा तो तिथेच अडकतो. त्याला पुढे जाता येत नाही आणि आजोबांचे दुखणे ऐकून काय बोलावे हेही सुचत नाही. तुम्हाला जो अवघडलेपणा जाणवतो, तो बहुधा याचाच असतो. तोंडओळखीची ही एक फेरी पूर्ण होऊ द्यावी आणि मग, तो आत जाऊन पाणी पिऊन आला की, “जरा थांब, तुला एक सांगायचं होतं” असे म्हणून आपला विषय काढावा. तोच मुलगा तेच दुखणे पाच मिनिटांनंतर नीट ऐकून घेतो.

याच्या उलट, एखाद्या वेळी नातवाचा ‘व्हॉट्स अप’ खरोखरच विचारपूस करणारा असतो, आणि तोही ओळखता यायला हवा. विचारून झाल्यावर तो थांबतो, तुमच्या जवळ टेकतो, मोबाइल खिशात ठेवतो किंवा तुमच्या ‘आराम’नंतर “नाही, खरंच, कसं वाटतंय आज?” असे पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा विचारताना तो बहुतेक ‘ब्रो’ सोडून ‘आज्जा’ किंवा ‘आजोबा’ म्हणतो. हा बदल झाला, की खुशाल खरे बोलावे.

आता तुमच्या गप्प राहण्याविषयी. या सगळ्या प्रकारात शब्दांइतकेच महत्त्व वेळेला आहे, आणि नेमके याच गोष्टीकडे वडीलधाऱ्यांचे दुर्लक्ष होते. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांतली प्रश्नोत्तरे मोजून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढाच वेळ जातो. भाषांगणिक तो थोडा कमी-जास्त होतो, पण थोडाच. आपण ऐकून, समजून, मग विचार करून उत्तर देतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अभिवादनाचे उत्तर तोंडात आधीपासून तयार असते. ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ म्हणताना तुम्ही विचार करत नाही. ‘हे ब्रो’ ऐकल्यावर मात्र हा शब्द बरा की वाईट, याला रागवावे की हसावे, असा विचार मनात सुरू होतो आणि तेवढ्यात दोन-तीन सेकंद निघून जातात. ती शांतता समोरच्या मुलाला नापसंतीसारखी ऐकू येते. तुमच्या मनात राग नसतानाही तो चपापतो. यावर उपाय एकच : एक उत्तर कायमचे ठरवून टाकावे आणि ‘हे ब्रो’, ‘व्हॉट्स अप’, ‘यो’, ‘सप’ यांपैकी काहीही कानावर आले तरी तेच द्यावे. रोज नवे आणि चटकदार उत्तर शोधण्याच्या भानगडीत पडू नये.

ते उत्तर कोणते असावे, याबाबत मी आपल्या भागासाठी ‘आराम’ हा शब्द सुचवतो, आणि त्याला कारण आहे. तो तुमच्या तोंडी मुळातच आहे, त्यामुळे बोलताना कृत्रिम वाटत नाही. नातवाच्या मित्रांत एखादा कन्नड घरातला असेल, तर त्याच्या घरीही “आराम अदीरी?” असेच विचारतात, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलालाही तो शब्द परका नाही. तीन भाषांच्या मुलांना एकाच शब्दात उत्तर देता येते, ही सोय पुण्या-मुंबईच्या आजोबांना नाही. कोणाला ‘निवांत’ आवडेल, कोणाला ‘चाललंय’ बरे वाटेल. वारकरी घरातले काही जण सहज ‘राम कृष्ण हरी’ म्हणतात आणि मुलेही ते आनंदाने स्वीकारतात. शब्द कोणताही चालेल, तो तुमचा असला पाहिजे आणि छोटा असला पाहिजे.

एक प्रसंग घेऊन हे सगळे एकत्र पाहू. संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत. तुम्ही कट्ट्यावर पेपर वाचत बसला आहात. शिकवणी सुटून नातू आला आहे. त्याच्याबरोबर कन्नड घरातला एक मित्र आहे आणि वर्गातली एक मुलगी आहे. नातू म्हणतो, “हे ब्रो, व्हॉट्स अप?”

एक शक्यता अशी, की तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे पाहता, थोडा वेळ काही बोलत नाही आणि मग म्हणता, “काय व्हायचंय? सकाळपासून लाईट नाही, मोटर चालू करता आली नाही, टाकी रिकामी आहे.” यात एकही शब्द चुकीचा नाही. पण मित्राने एक चप्पल काढली आहे आणि दुसरी काढावी की नाही असा त्याला प्रश्न पडला आहे, मुलगी जमिनीकडे पाहते आहे आणि नातू “बरं बरं” म्हणून विषय संपवू पाहतो आहे. तुमच्या सांगण्यात एक छुपी तक्रार आहे आणि ती ऐकायला ही मुले आलेली नाहीत.

दुसरी शक्यता अशी, की पेपर खाली न ठेवता तुम्ही फक्त मान वर करता आणि म्हणता, “आराम. तुमचं काय रे, सुटली काय शिकवणी?” नातू म्हणतो, “हो, आत्ताच.” मित्र कदाचित “आराम अदीरी, अज्जा?” असे म्हणेल, त्याला “आराम, आराम, या” एवढे पुरे. मुलीला “ये गं” म्हणावे. चार-पाच सेकंदांत हे सगळे आटोपते आणि मुले आत जातात.

या दुसऱ्या उत्तरात उलट विचारलेला जो प्रश्न आहे, त्याकडे जरा लक्ष द्यावे, कारण तिथेही पाय घसरतो. ‘सुटली काय शिकवणी?’ याला एका शब्दात उत्तर देता येते आणि त्या उत्तरात लपवण्यासारखे काही नाही. त्याऐवजी “चाचणीत किती पडले?” किंवा “अभ्यास करता की नुसतेच फिरता?” असे विचारले, तर ते अभिवादन राहत नाही, तपासणी होते, आणि तीही मित्रांच्या देखत. असे चार-सहा वेळा झाले, की मुलगा बोलून दाखवत नाही. तो मागच्या दाराने येऊ लागतो, किंवा कानात इअरफोन घालूनच घरात शिरतो. पूर्वी ‘हे ब्रो’ म्हणणारा नातू हल्ली काहीच म्हणत नाही, असे लक्षात आले, तर आपण उलट काय विचारत होतो हे आधी आठवून पाहावे. ‘ब्रो’ ऐकू येणे ही तुलनेने बरी स्थिती आहे.

आता उलट ‘ब्रो’ म्हणण्याविषयी. भाषाशास्त्रज्ञ स्कॉट किसलिंग यांनी २००४ साली अमेरिकेतल्या तरुणांच्या ‘ड्यूड’ या संबोधनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते संबोधन जवळीक दाखवते, पण फार हळवी जवळीक नव्हे. ‘आपण एकाच बाजूचे, पण उगाच गळ्यात पडायचे नाही’ असा त्याचा सूर असतो, असे त्यांनी दाखवले. आपल्याकडच्या मुलांचे ‘ब्रो’ बहुतांशी हेच काम करते, आणि मुलीही आपसांत ते वापरतात ते याच अर्थाने. म्हणजे तो समवयस्कांच्या गटाचा शब्द आहे. गटाबाहेरच्या माणसाने, विशेषतः वयाने चौपट मोठ्या माणसाने तो उचलला, की ऐकणाऱ्याला बोलण्यातला मजकूर ऐकू येत नाही, शब्दाची उसनवारी तेवढी ऐकू येते. मुले एकमेकांकडे पाहतात, ओठ दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा उच्चार आपसांत वापरून दाखवतात. तो कुचेष्टेचाच प्रकार असतो असे नाही, पण तुम्हाला हवा असलेला मोकळेपणा त्यातून मिळत नाही.

याला एक अपवाद मी जरूर मान्य करतो. फक्त तुमचा नातू आणि तुम्ही असे दोघेच असताना, तुम्ही मुद्दाम, तोंडावर हसू ठेवून, “बोल ब्रो” म्हणालात, तर ती तुमच्या दोघांतली थट्टा होते आणि तिची गोडी टिकते. ही थट्टा कधीमधीच करावी. त्याच्या मित्रांसमोर किंवा मैत्रिणींसमोर ती करू नये, कारण तिथे त्याला आपल्या आजोबांविषयी काय वाटावे याचा निर्णय इतर चार जण घेत असतात. त्याच्या मैत्रिणीला तर आपण होऊन ‘ब्रो’ कधीच म्हणू नये. नावाने हाक मारावी, नाव माहीत नसेल तर ‘बाळ’ म्हणावे.

राहिला अनादराचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत खोल प्रश्न हाच आहे. मराठीत तोंड उघडले, की ‘तू’ की ‘तुम्ही’ याचा निर्णय करावाच लागतो. कन्नडमध्येही ‘बा’ आणि ‘बर्री’ यांत तेच अंतर आहे, आणि आपल्या भागातल्या कन्नडात वाक्याच्या शेवटचा ‘री’ आदराचा सगळा भार वाहतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातल्या भाषांच्या आधारे असे मांडले होते, की अशी सर्वनामे दोन गोष्टी एकाच वेळी सांगतात : कोण मोठा आणि कोण जवळचा. जवळच्या पण मोठ्या माणसापाशी आल्यावर या दोन गोष्टींची ओढाताण होते. पंधरा वर्षांच्या मुलाला आजोबा जवळचेही वाटतात आणि मोठेही. ‘हे ब्रो, व्हॉट्स अप’ या इंग्रजी तुकड्यात ‘तू-तुम्ही’ येतच नाही, त्यामुळे त्याला दारात तो निर्णय टाळता येतो. इंग्रजीचा हा उपयोग त्याने विचारपूर्वक शोधलेला नसतो, पण त्याला तो सोयीचा पडतो.

म्हणून आदराचा पुरावा पुढच्या वाक्यात शोधावा. “हे ब्रो, कधी आलात?” असे तो म्हणाला, तर ‘आलात’मध्ये आदर शाबूत आहे आणि ‘ब्रो’ ही वरची सजावट आहे. “ब्रो, कधी आलास?” असे म्हणाला, तर लगेच निष्कर्ष काढू नये, आपल्याकडे पुष्कळ घरांत आजीला प्रेमाने ‘तू’ म्हणतात, काही घरांत आजोबांनाही. एरवी, ‘ब्रो’ नसलेल्या दिवशी, तो तुम्हाला काय म्हणतो तेच तुमच्या घरचे माप. नेहमी ‘तुम्ही’ म्हणणारा मुलगा ‘ब्रो’बरोबर ‘तू’वर येऊ लागला, तर काहीतरी बदलले आहे. आणि “काय ब्रो, तुला काय कळतंय यातलं” असे वाक्य आले, तर ते उद्धट आहेच, पण ‘ब्रो’ काढून टाकला तरी ते तितकेच उद्धट राहते. अशा वेळी ‘ब्रो’ म्हणायचे नाही असा दम देऊ नये, कारण मुलगा शब्द सोडतो आणि वृत्ती ठेवतो. “माझ्याशी असं बोलू नको, तुझं म्हणणं काय आहे ते सांग” असे मूळ गोष्टीवर बोट ठेवून सांगावे.

एक किरकोळ पण नेहमी होणारा गैरसमज येथेच दूर करतो. प्रत्येक ‘ब्रो’ तुम्हाला उद्देशून नसतो. “ब्रोऽऽ, काय मॅच झाली!” यातला लांबवलेला ‘ब्रो’ हा आपल्या ‘अरे बापरे’सारखा उद्गार आहे. तो आईसमोर, आजीसमोर, एकटे असतानाही तोंडातून निघतो. त्याला उत्तर द्यायचे नसते. पुढे काय सांगतो ते ऐकायचे असते.

मोबाइलवरच्या संदेशांत घाई नाही, त्यामुळे वेळेची अडचण येत नाही. तिथे अडचण लांबीची होते. नातवाने `sup` किंवा `wyd` एवढेच लिहिले, तर त्याला ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’ अशी सुरुवात असलेला परिच्छेद किंवा फुलांचे सुप्रभात-चित्र पाठवू नये. पहिल्याचा अर्थ ‘काय चाललंय’ आणि दुसऱ्याचा ‘काय करताय’ एवढाच असतो. “आराम. चहा घेतोय. तू?” हे देवनागरीत लिहिले तरी उत्तम चालते. नुसता अंगठ्याचा शिक्का पाठवणे मात्र टाळावे, कारण बरीच मुले त्याचा अर्थ ‘बोलणे संपले’ असा घेतात.

शेवटी, काही ठिकाणी ‘हे ब्रो’ खरोखरच शोभत नाही : सांत्वनाला गेल्यावर, देवळात, लग्नात थोरामोठ्यांच्या पाया पडताना, किंवा घरी प्रथमच आलेल्या व्याह्यांसमोर. अशा वेळी शब्द तोंडातून निघाल्यावर सर्वांसमोर टोकण्याने पाहुणाही अवघडतो आणि मुलगाही. आदल्या दिवशी, दोघेच असताना, शब्दावर टीका न करता प्रसंगाचे नाव घेऊन सांगावे : “उद्या निपाणीचे मामा येणार आहेत. त्यांना नमस्कार कर आणि ‘प्रवास कसा झाला’ म्हणून विचार.” काय म्हणू नको हे सांगण्यापेक्षा काय म्हण हे सांगितलेले मुलाच्या लक्षात राहते, कारण त्यालाही ऐन वेळी तोंडात तयार शब्द लागतो. आणि इतके सांगूनही तो मामांना ‘हे मामा, व्हॉट्स अप’ म्हणालाच, तर तुम्ही लगेच पुढे होऊन “या, या, प्रवास कसा झाला?” असे विचारावे. मामांना उत्तर देण्यासाठी एक ओळखीचा प्रश्न मिळतो, आणि नातवाशी त्याविषयी बोलायचे ते मामा गेल्यावर बोलता येते.